एक टीएमसी म्हणजे किती? (स्लाइडच्या कामाच्या नोंदी)

७ एप्रिल

नवीन काम आलं. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले एक अभियंता साहेब पावसाळ्याआधी पंचगंगेकाठच्या गावांत पुराविषयी बोलायला जाणार आहेत. त्यांनी स्वतः केलेल्या ३४ स्लाइड पेनड्राइव्हवर घेऊन राजारामपुरीतल्या आमच्या दुकानात आले. म्हणाले, "तू फक्त जरा देखणं करून दे, मजकूर तयार आहे."

मजकूर खरंच तयार होता. नवव्या स्लाइडवर राधानगरी धरण, साठवण ८.३६ टीएमसी. अकराव्या स्लाइडवर स्वयंचलित दरवाजे ७, प्रत्येकी १४२८ क्युसेक. मी विचारलं, "साहेब, एक टीएमसी म्हणजे किती?" ते म्हणाले, "अब्ज घनफूट." मी परत विचारलं, "म्हणजे किती?" यावर ते हसले आणि चहा मागवला.

दर जुलैत हा शब्द कानावर पडतो. दरवाजे उघडले की बातमी येते, लोक एकमेकांना सांगतात, मीही सांगते. पण टीएमसी माझ्यापुरता एक आवाजच आहे. जास्त म्हटलं की काळजी, कमी म्हटलं की निवांत. रंग आणि अक्षरं नंतर बघू, आधी हे दोन आकडे सोडवायचे असं ठरलं. साहेबही तयार झाले, जरा नाखुशीनेच.

८ एप्रिल

गणित लिहून ठेवते, पुढे सारखं लागणार आहे.

एक घनफूट म्हणजे २८.३ लिटर. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट. एक टीएमसी म्हणजे १०० कोटी घनफूट, म्हणजे २,८३१ कोटी लिटर.

पहिल्यांदा मी २८३ कोटी लिटर काढलं होतं. एक शून्य गळालं आणि मला पत्ताही नव्हता, कारण २८३ कोटी आणि २,८३१ कोटी हे दोन्ही मला सारखेच "लई" वाटतात. एवढ्या मोठ्या आकड्यात चूक डोळ्याला दिसत नाही, ही पहिली गोष्ट कळली. चार हजारांच्या बिलात शून्य गळलं तर दुकानातला पोरगाही ओरडला असता.

साहेबांनी तपासायची रीत सांगितली. तोच आकडा दुसऱ्या वाटेने काढायचा. एका घनमीटरमध्ये ३५.३ घनफूट, म्हणून १०० कोटी भागिले ३५.३ म्हणजे २ कोटी ८३ लाख घनमीटर. घनमीटरचे हजार लिटर. दोन्ही वाटा एका जागी आल्या तरच आकडा स्लाइडवर जाणार, हा नियम केला.

१० एप्रिल

आबा गावाकडून आलेत. आयुष्यभर ऊस केलेला माणूस, म्हणून पहिली परीक्षा त्यांच्यावर. शेतकऱ्याला एकर कळतो, तेव्हा टीएमसीचे एकर केले: एक टीएमसी पाणी फूटभर उंचीने पसरलं तर जवळपास २३ हजार एकर भिजतात.

आबा म्हणाले, "फूटभर पाणी कळलं. एकर कळला. तेवीस हजार न्हाई कळलं." मी म्हटलं, "बरेच एकर, आबा." "ते तर टीएमसी म्हटल्यावरबी कळत हुतं की."

बरोबर आहे. ओळखीचं माप घेतलं, पण त्याची गणती परत हजारांत गेली. माप ओळखीचं हवं आणि त्याची संख्या बोटांवर मोजता येईल इतकी लहान हवी, दोन्ही एकदम. एक साधलं आणि दुसरं सुटलं तर आपण फक्त मोठ्या आकड्याला दुसरा सदरा घातला.

११ एप्रिल

ही अडचण आबांचीच आहे की सगळ्यांची, ते बघायला दुकानासमोर दहा मीटर सुतळी बांधली. डावं टोक शून्य, उजवं टोक एक कोटी. येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हातात कपड्यांचा चिमटा दिला आणि सांगितलं, एक लाख जिथे येईल तिथे लावा.

चौदा जणांनी लावला. एकाने मधोमध, बहुतेकांनी पाव ते निम्म्याच्या दरम्यान. वरच्या मजल्यावरच्या सीए काकांनी दोन मीटरवर लावला आणि मग स्वतःच कपाळाला हात लावला. खरी जागा डाव्या टोकापासून फक्त दहा सेंटिमीटरवर आहे, म्हणजे गाठीला जवळजवळ चिकटून. कोटीत शंभर लाख असतात हे चौदाही जणांना पाठ होतं.

साहेबांना सांगितलं तर म्हणाले, असा प्रयोग बाहेर झालेला आहे. शोधल्यावर सापडला. अमेरिकेत डेव्हिड लँडी आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये छापलेल्या अभ्यासात बऱ्याच लोकांनी हजार ते अब्ज या रेघेवर दशलक्ष जवळपास मध्यावर ठेवला होता. हजार, दशलक्ष, अब्ज हे शब्द ओळीने येतात, म्हणून त्यांच्यातलं अंतरही सारखंच असेल असं मन धरून चालतं. आमच्याकडे हजार, लाख, कोटी. खोड तीच.

१४ एप्रिल

टँकर करून पाहिला. एका दरवाज्यातून १४२८ क्युसेक, म्हणजे सेकंदाला सुमारे ४० हजार लिटर. दहा हजार लिटरचा टँकर धरला तर सेकंदाला चार टँकर. आकडा लहान झाला, वस्तू ओळखीची. मी खूश.

दुकानात दाखवला. शेजारच्या गॅरेजवाल्याचा पहिला प्रश्न, "कुठला टँकर? पाच हजाराचा का बारा हजाराचा?" मग बहिणीने बघितलं आणि तिचा चेहराच बदलला. त्यांच्या कॉलनीत मे महिन्यात टँकर येतो, दोन दिवस फोन केल्यावर. ती म्हणाली, "सेकंदाला चार? आणि आम्हाला आठवड्याला एक मिळंना." तिच्या डोक्यात पूर राहिला बाजूला, पाणीपुरवठा सुरू झाला. पुढची दहा मिनिटं तोच विषय.

वस्तू फार ओळखीची असली की ती आपल्याबरोबर स्वतःचं ओझंही आणते. टँकर म्हणजे टंचाई, तो पुराच्या स्लाइडवर चालत नाही. शिवाय सेकंदाला चार टँकर जाताना कोणी पाहिलेत? टँकर ओळखीचा आहे, तो वेग नाही.

१५ एप्रिल

रंकाळाही बाद. सगळ्यांनी सुचवला होता, "किती रंकाळे भरतील ते टाका." रंकाळ्याला फेरी मारलेली आहे, त्याचा घेर पायांना माहीत आहे. खोली कोणाला माहीत आहे? पाण्याच्या वरची बाजू बघून आपण आतलं पाणी ओळखल्यासारखं करतो. साठ्याची तुलना करायची तर ज्याचं आतलं माप अनुभवलंय अशी जागा पाहिजे.

१८ एप्रिल

चित्रात फसले, ते लिहून ठेवते.

साहेबांना राधानगरीशेजारी कोयना दाखवायची होती, कारण बातम्यांत दोन्ही नावं एका दमात येतात आणि लोकांना ती जोडीची वाटतात. कोयना १०५.२५ टीएमसी, राधानगरी ८.३६. साडेबारा पट. मी दोन घागरी काढल्या, अगदी प्रामाणिकपणे, घनफळ साडेबारा पट ठेवून. छापून भिंतीला लावलं आणि आबांना विचारलं, मोठी घागर लहानीच्या किती पट? "दुप्पट. थोडी जास्त असंल."

आबांचं चुकलं नाही. घनफळ साडेबारा पट व्हायला घागरीची उंची फक्त सव्वादोन पटीच्या जरा वर जाते, आणि डोळा उंची बघतो. उंचीच साडेबारा पट केली तर चित्रातलं घनफळ जवळपास दोन हजार पट होतं, ते उलट्या बाजूचं खोटं.

शेवटी एकाच मापाच्या घागरी ओळीने मांडल्या. राधानगरीपुढे एक, कोयनेपुढे बारा आणि एक अर्धी. दिसायला साधं, पण आबांनी मोजून सांगितलं, "साडेबारा."

२२ एप्रिल

आज वाटलं की जमलं. कोल्हापूर महापालिकेचं क्षेत्र ६६.८२ चौरस किलोमीटर. एक टीएमसी पाणी त्यावर सपाट पसरलं तर ४२ सेंटिमीटर उंची येते, म्हणजे गुडघ्याच्या जरा खाली. सगळं राधानगरी पसरलं तर साडेअकरा फूट, एक मजला बुडून वर थोडं. शहर सगळ्यांच्या ओळखीचं, गुडघा आणि मजला अंगाच्या ओळखीचे, आकडा एकच. साहेबही पहिल्यांदा म्हणाले, "हे ठेव."

शहराचा नकाशा निळा केला. स्लाइड फार देखणी झाली. जास्तच देखणी झाली हे नंतर कळलं.

२६ एप्रिल

काल पहिलं व्याख्यान झालं. करवीर तालुक्यातलं गाव, शाळेच्या सभागृहात ऐंशी-नव्वद माणसं. निळ्या नकाशावर सगळे गप्प झाले, मोबाइल वर झाले, फोटो निघाले. मला वाटलं, बसली स्लाइड.

आज सकाळी सातला शाहूपुरीच्या आत्याचा फोन. "अगं, साडेअकरा फूट पाणी येणार म्हणं? सामान वरच्या खोलीत टाकू का?" व्हॉट्सॲपवर आमच्या नकाशाचा फोटो फिरत होता, खाली लिहिलेलं: शहरात साडेअकरा फूट पाणी, इंजिनिअर साहेबांचा इशारा. दुपारपर्यंत तो चार वेगवेगळ्या गटांतून माझ्याकडेच परत आला.

गणितात चूक एक पैशाची नव्हती. स्लाइडवर "पसरलं तर" हे शब्दही होते, बारीक अक्षरांत. पण पुराच्या व्याख्यानात शहराच्या नकाशावर पाणी ओतून दाखवल्यावर माणूस ते माप म्हणून वाचत नाही, भाकीत म्हणून वाचतो. आणि का वाचू नये? २०१९ ला राजाराम बंधाऱ्याजवळ पाणी ५५ फुटांच्या वर गेलेलं त्यांनी पाहिलंय. माप म्हणून मी जी जागा निवडली, तीच जागा पाण्याखाली जाण्याची भीती होती.

साहेब रागावले नाहीत, हे जास्त लागलं. एवढंच म्हणाले, "पाणी जिथं जाऊ शकतं तिथं पाणी ओतून दाखवू नको." त्यांनी गटांवर खुलासा पाठवला. तो अर्थातच फोटोइतका फिरला नाही.

२८ एप्रिल

साठ्यासाठी दुसरं माप. पाणी कुठे पसरेल यापेक्षा ते किती दिवस पुरेल, असं मांडलं.

शहरी घरगुती वापराचा ठरलेला हिशेब माणशी दिवसाला १३५ लिटर. २०११ च्या जनगणनेत कोल्हापूर शहराची लोकसंख्या साडेपाच लाखांच्या आसपास, नेमकी ५,४९,२३६. म्हणजे दिवसाला ७ कोटी ४१ लाख लिटर. एक टीएमसी त्याला ३८२ दिवस पुरतं.

वर्षभर! एक टीएमसी म्हणजे शहराचं वर्षाचं घरगुती पाणी. राधानगरी म्हणजे आठ वर्षांचं, वर थोडं. आज माणसं जास्त आहेत, गळती वेगळी, कारखाने आणि शेती यात नाही, म्हणून स्लाइडवर "३८२ दिवस" टाकलं नाही, "सुमारे एक वर्ष" टाकलं. आतल्या आकड्यांमध्येच एवढा सैलपणा असताना दिवसापर्यंत नेमका आकडा देणं म्हणजे सोन्याच्या काट्यावर कांदे तोलणं. जनगणनेचं साल मात्र मोठ्या अक्षरात ठेवलं, बारीक अक्षरांचा धडा घेऊन.

आबांनी लगेच विचारलं, "आणि आमच्या गावाला किती दिस?" पाच हजार वस्ती, ग्रामीण हिशेबाने माणशी ५५ लिटर. उत्तर आलं २८२ वर्षं. ते कोणाच्याच कामाचं नाही, २८२ वर्षं बघितलेला माणूस नाही. शहरच बरोबर आहे, कारण उत्तर एक येतं.

३० एप्रिल

साहेबांनी पातळीच्या स्लाइडवर मला हात लावू दिला नाही आणि त्यांचं बरोबर होतं. मी तिथे मजल्यांची चित्रं घालणार होते. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका, हे आकडे आमच्याकडे शाळकरी पोरालाही पाठ. त्रेचाळीस म्हटलं की कुठल्या गल्लीत पाणी आलं असेल ते माणसं डोळे मिटून सांगतात. अंगात मुरलेलं माप तसंच ठेवायचं. फूट ठेवले. रंग तेवढा बदलला.

३ मे

दरवाज्यांच्या आकड्यावर अडकून आठवडा झाला. साठ्याचं जमलं, वाहत्या पाण्याचं जमत नाही. प्रत्येक तुलना "सेकंदाला अमुक" म्हणते आणि सेकंदाला काहीही झालेलं कोणी पाहिलेलं नाही.

आज दुकानात एक खोकं उघडताना उजेड पडला. पुठ्ठ्याचं खोकं, योगायोगाने फूटभर लांब, फूटभर रुंद, फूटभर उंच. हाच तो घनफूट! वीस लिटरचे दीड जार पाणी मावेल एवढा. क्युसेक म्हणजे असं एक खोकं, सेकंदात एक. आणि फुटातच मोजायचं असेल तर लिटरकडे जायचंच कशाला? खोली फुटात मोजता येते. लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची, झाले घनफूट. त्याला १४२८ ने भागा, एक दरवाजा ही खोली किती सेकंदांत भरेल ते आलं.

साहेबांना फोन केला. क्षणभर गप्प. मग म्हणाले, "परवा ज्या हॉलमध्ये आहे, त्याचं माप घेऊन ये."

५ मे

व्याख्यानाच्या तासभर आधी गेले. टेप पाच मीटरचा, हॉल मोठा, म्हणून तीन टप्प्यांत मोजला. दोन पोरं मदतीला आली, एक भिंतीला टेप धरून उभा, दुसरा फरशीवर खडूने खुणा करतोय. लांबी ४२ फूट, रुंदी २४. उंचीला बाकावर चढून झाडूच्या दांड्याला टेप बांधला: १० फूट. पोरांनी फरशीवरच गुणाकार केला. दहा हजार ऐंशी घनफूट.

१४२८ ने भागलं, सात. आणि सातही दरवाज्यांचे मिळून ९,९९६ क्युसेक. माझ्या हातातला खडू थांबला. सगळे दरवाजे उघडले तर हा हॉल सेकंदाला एक.

व्याख्यानात साहेबांनी स्लाइड बंदच केली. आधी पुठ्ठ्याचं खोकं टेबलावर ठेवलं आणि सांगितलं, क्युसेक म्हणजे सेकंदाला हे एक. मग म्हणाले, "एक दरवाजा उघडला असं समजा. हा हॉल, जमिनीपासून छतापर्यंत. मोजा माझ्याबरोबर." एक, दोन, तीन. सगळा हॉल मोजायला लागला. चारला एक पोरगं छताकडे बघायला लागलं. सातला साहेब म्हणाले, "भरला." कोणी हललं नाही. "आता सातही दरवाजे." आणि त्यांनी एक टाळी वाजवली. परत एक. परत एक. "प्रत्येक टाळीला एक हॉल."

मागून एक गडी म्हणाला, "आईच्यान, आत्ता कळलं."

भीतीचा प्रश्न माझ्या डोक्यात होताच, म्हणून पुढचं वाक्य आम्ही आधी ठरवून ठेवलं होतं. साहेबांनी लगेच सांगितलं, हे पाणी हॉलमध्ये येणार नाही, भोगावतीत जाणार. हॉल फक्त आपला लोटा. आज कोणी फोटो काढले नाहीत. काढण्यासारखं काही नव्हतंच, रिकामा पडदा आणि टाळ्या.

६ मे

टीएमसी आणि क्युसेक यांची गाठ घालणं राहिलं होतं. लोक दोन्ही एकाच जातीचे समजतात. परवा एकाने विचारलंच, "दहा हजार मोठं का आठ टीएमसी मोठं?" एक साठा, दुसरा वेग. हौदात किती आणि नळातून किती. यांची तुलना वेळ घातल्याशिवाय होत नाही.

वेळ घातली तर उत्तर फारच सोयीचं निघतं. एक दरवाजा सतत आठ दिवस वाहिला की एक टीएमसी. सातही वाहिले तर अठ्ठावीस तास. दुसऱ्या वाटेने तपासलं, दिवसाचे ८६,४०० सेकंद धरून, बरोबर आलं. स्लाइडवर दोनच ओळी आणि एका दरवाज्याचं चित्र. साहेबांनी तोंडी एक गोष्ट जोडायची ठरवली: दरवाजे धरणाच्या वरच्या अंगाला असतात, म्हणून ते कितीही दिवस उघडे राहिले तरी त्यांतून सगळं धरण रिकामं होत नाही. नाहीतर लोक ८.३६ टीएमसीला अठ्ठावीस तासांनी गुणून दहा दिवसांत धरण कोरडं करतील. मी केलंच होतं.

११ मे

प्रत्येक गावात नवा हॉल, म्हणून साहेबांच्या लॅपटॉपवर एक छोटा तक्ता करून दिला. लांबी, रुंदी, उंची फुटात टाकायची, सेकंद खाली येतात.

```
=ROUND(B2*C2*D2/1428,0)
```

आजचं समाजमंदिर ३० बाय २०, पत्र्याचं उतरतं छप्पर. उंची कुठली धरायची? भिंतीपाशी नऊ फूट, मधे तेरा. मधली अकरा धरली, पाच सेकंद आले. साहेबांना अपूर्णांक हवे होते, मी नको म्हटलं. टाळ्यांमध्ये दशांश चिन्ह वाजवता येत नाही.

पाच मीटरचा टेप फेकून पंधरा मीटरचा घेतला. बिल कामाच्या खर्चात लावलंय.

१७ मे

नदीकाठची वाडी. पुढच्या रांगेत एक आजी, नातवाला मांडीवर घेऊन. टाळ्या संपल्यावर म्हणाल्या, "माझी खोली धा बाय धा हाय. तिला किती?" तक्त्यात टाकलं. उंचीही दहा धरली, हजार घनफूट. उत्तर आलं १. खरं तर ०.७, पण मीच घातलेल्या गोळाबेरजेने त्याचा एक केला होता. साहेबांनी सांगितलं, "सेकंदसुद्धा लागत नाही, आजी."

"एकबी सेकंद न्हाई व्हय?" त्यांनी नातवाकडे बघितलं. मला परत निळा नकाशा आठवला आणि पोटात गोळा आला. साहेब लोट्याचं वाक्य परत सांगणार, इतक्यात आजींनीच विचारलं, "मग साहेब, जातंय एवढं तर धरणात वरनं येतंय किती? ते न्हाई सांगितलं तुम्ही."

साहेब दोन सेकंद थांबले. मग म्हणाले, हाच खरा प्रश्न. धरण भरलेलं असताना दरवाजे उघडतात ते आत येणारं पाणी पुढे जायला. दरवाज्याने पाणी तयार होत नाही, डोंगरातून येतं तेच खाली जातं. शिवाय कासारी, कुंभी आणि तुळशीचं पाणी वेगळं येऊन पंचगंगेला मिळतं, ते राधानगरीच्या दरवाज्यांत मोजलंच जात नाही. त्यावर अर्धा तास बोलणं झालं. त्यातलं एक वाक्यही ३४ स्लाइडमध्ये नव्हतं.

१८ मे

अकराव्यानंतर एक स्लाइड वाढवली, आता ३५ झाल्या. वर "आत येणारं पाणी", खाली तोच हॉल, शेजारी चार नद्यांची नावं. आवकेचा आकडा पावसाप्रमाणे रोज बदलतो, म्हणून तिथे मोकळी चौकट ठेवली आहे. साहेब त्या दिवशीचा आकडा भरून आणतील. चौकट बरीच मोठी ठेवायला सांगितलीय, आजी मागच्या रांगेत बसल्या तरी त्यांना दिसली पाहिजे.